शालू तेवढा बदला

आमचे हे फोटो रंगवत. गिरगावात रस्त्यावरच्या एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर फोटोचे दुकान होते. छप्पर अर्धे काचेचे, उन्हाळ्यात आत भाजून निघावे असे. प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा मी जेमतेम विशीत होते आणि त्याच दुकानात कामाला होते. बायकांनी कामाला जाणे तेव्हा शोभत नसे, म्हणून चाळीत मी "यांचा डबा द्यायला जाते" असे सांगत असे. डबा द्यायला मला रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच लागत.

माझे काम बायकांना बसवण्याचे. फोटो मालक स्वतः काढत. पण बाईचा पदर सारखा करायचा, मान जरा वळवायची, हात मांडीवर नीट ठेवायचा, तर तिथे पुरुषाने हात लावून चालायचे नाही. बाई सोबत नवरा घेऊन आली तरी तोही चारचौघांत हात लावायचा नाही. मग मी.

रंगवण्याचे कारण लोकांना वाटते तसे हौसेचे नव्हते. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरत, आणि त्या काचेला रंगांची समज नव्हती. तांबडा शालू नेसून बाई आली की फोटोत तो कोळशाच्या पोत्यासारखा काळा यायचा. निळी पैठणी नेसली तर पांढरीफटक. गोऱ्या बायकांच्या तोंडावरचे वांगसुद्धा दुप्पट काळे यायचे. तेव्हा शहाणपणाचा मार्ग असा, की साध्या फिक्या लुगड्यात फोटो काढायचा, कागदावर छापायचा आणि त्यावर हवा तो शालू रंगवायचा. शिवाय शालू पेटीत असायला हवा अशीही अट उरत नाही. लालबाग-परळचे गिरणीतले लोक सदरा-धोतरात यायचे आणि जाताना जरीची पगडी, लांब कोट आणि खांद्यावर उपरणे घेऊन जायचे. गावी भिंतीवर तो फोटो लागला की मुंबईत पोराचे बरे चालले आहे हे कळायचे.

इथवर कोणाचे काही बिघडत नव्हते. पण कुंचला हातात असला की माणूस कपड्यांवर थांबत नाही, आणि गिऱ्हाईक तर त्याहून थांबत नाही. "कोट रंगवताय तर तेवढं पोट जरा आत घ्या." "पगडी घालताच आहात, तर कपाळ थोडं मोठं करा, विद्वान दिसेल." एका गृहस्थांनी मिशा मागितल्या. स्वतःच्या ओठावर एक केस नव्हता. मालक म्हणाले, मिशी हा कपडा नव्हे. तर ते म्हणतात, "पगडी उतरवता येते, तशी मिशीही उतरवता येते. मग फरक काय?" मालकांनी मिशी दिली.

मग एकदा एका नवऱ्यामुलाच्या फोटोत यांनी अशी काही शाल पांघरवली, की डाव्या हाताचे सहावे बोट तिच्या टोकाखाली गेले. मुलाच्या बापाने सांगितले होते का, आमच्या यांनी आपल्या मनाने केले का, ते मला आजवर कळलेले नाही. पाणिग्रहणाच्या वेळी मुलीच्या मामाने बोटे मोजली. तो दुसऱ्या दिवशी मुलीकडची आठ माणसे घेऊन दुकानात आला आणि काचेच्या छपराचे दोन तुकडे खाली आले.

तेव्हापासून मालकांनी नियम केला, कपडे बदलू, माणूस बदलणार नाही. लग्नाचा फोटो असेल तर साधा आणि रंगवलेला असे दोन्ही द्यायचे, आणि सोबत चिठ्ठी, की दोन्ही फोटो एकाच काचेचे असून कपड्यांखेरीज त्यांत काहीही बदललेले नाही. आणि ते तपासायचे कोणी? मालक म्हणाले, "चिताऱ्यानं स्वतःचं काम तपासलं तर तो सगळं बरोबरच म्हणणार. वहिनी तपासतील. त्यांना याच्या चुका काढायची सवय आहे."

हे खोटे नव्हते.

तपासायची यादी मी आणि मालकांनी मिळून केली. मला चार यत्ता झाल्या होत्या, त्यामुळे लिहिली मीच. ती पुठ्ठ्यावर चिकटवून खिळ्याला टांगली होती. पहिले कलम कागदाचे. लोकांना हे ठाऊक नसते, पण फोटोचा कागद भिजला की एका अंगाने ताणला जातो. एक छाप उभ्या कागदावर आणि दुसरा आडव्या कागदावर घेतला, तर खळ लावून चिकटवताना एकीचे तोंड लांबट होते आणि दुसरीचे गोल, आणि कोणी काही न करता दोन सख्ख्या बहिणी तयार होतात. म्हणून दोन्ही छाप एकाच कागदाचे, एकाच अंगाने कापलेले हवेत. मग कर्कटाने मोजायचे. या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत, भुवईपासून हनुवटीपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत, आणि कंबर. कंबरेवर विशेष लक्ष. शालू रंगवताना कडेचा रंग आत सारला की बाई बारीक होते.

मग पातळ तेलकट कागद साध्या फोटोवर ठेवून कान, जबडा, बोटे, पावले यांच्या कडा पेन्सिलीने काढायच्या आणि तोच कागद रंगवलेल्यावर ठेवून बघायचा. मग केसांची रेघ, तीळ, देवीचे वण, दात. बोटे नखांसकट मोजायची, हे कलम मालकांनी तांबड्या शाईने लिहायला लावले. साध्यात जे अंग दिसते ते रंगवलेल्यात कपड्याखाली गेले आहे का? दागिने: नथ, कुड्या, बांगड्या, साध्यात आहेत ते सगळे रंगवलेल्यात आहेत का? शेवटी खुर्ची, पडद्याच्या चुण्या, तिवईवरची फुलदाणी, जमिनीवरची सावली.

आणि हे सगळे फोटो उलटा धरून करायचे. डोके खाली, पाय वर. सुलटा धरला की तोंडाकडे बघून माणूस फसतो. "हो, तीच ती" असे मन आधीच म्हणून टाकते. शिवाय मी एका पुठ्ठ्याला चार बोटांची चौकोनी खिडकी कापली होती. ती दोन्हींवर एकाच जागी ठेवायची, म्हणजे तेवढाच तुकडा दिसतो. हे माझे मलाच सुचले होते आणि मला त्याचा गर्व होता.

यांना अर्थातच राग आला. घरी जेवताना म्हणायचे, "बायको नवऱ्याच्या कामावर खुणा करते. काय दिवस आले!"

"मग चूक करू नका. मी खुणा करणार नाही."

"परवा त्या बाईच्या हनुवटीवरचा तीळ मी ठेवला होता."

"ठेवला होतात. गालावर."

एका कचेरीत हेडक्लार्क असलेले गृहस्थ मुलीला घेऊन आले ते याच सुमाराला. बाई नव्हती, मुलीची आई वारली होती. मुलीला त्यांनी बरीच वर्षे शाळेत ठेवली होती आणि लोकांच्या हिशेबाने तिचे लग्नाचे वय उलटून चालले होते. दोन स्थळे मोडली होती. तिसरे परळचे, खातेपीते घर. पत्रिका जमली होती. तिथे कारभार मुलाच्या विधवा आत्याच्या हातात. त्या आत्याबाईंनी निरोप पाठवला होता, की मुलीचा फोटो पाठवा, पण नुसता साध्या लुगड्यातला नको, शालूतलाही हवा. आमच्या घरात ती शालूत कशी दिसेल हे पाहू. मुलगी मात्र बदललेली चालणार नाही. दोन्ही फोटो दुकानातूनच थेट, लाखेची मोहोर लावून यावेत. मुलीकडच्यांनी मध्ये हात लावायचा नाही.

हेडक्लार्कांनी हे सगळे वाचून दाखवले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "हेही स्थळ गेलं तर पुढचं येणार नाही. लोक म्हणतील, मुलीतच काही आहे. तेव्हा तुमच्याकडून एक रेघसुद्धा इकडची तिकडे व्हायला नको."

मुलगी खुर्चीवर बसली. मी पदर सारखा करायला लागले तर म्हणाली, "मान वाकडी करू नका हं, नाहीतर तिथे गेल्यावर मला जन्मभर तश्शीच धरावी लागेल." मला ती आवडली. तोंडाने फटकळ माणसे मला आवडतात, त्यांच्याशी बोलताना वेळ फुकट जात नाही.

फोटो चांगला आला. यांनी तीन दिवस शालूवर घेतले. तांबूस-जांभळा रंग, काठावर सोनेरी, पदरावर मोर, एकेक पीस केसाएवढ्या रेघेने. काम सुरेख झाले होते, ते मी नाकारत नाही. चौथ्या दिवशी मी यादी घेऊन बसले. कागदाचे अंग बघितले. कर्कटाने मोजले. दोन्ही फोटो उलटे ठेवून खिडकी फिरवली. कान, जबडा, बोटे दहा, नखे दहा. उजव्या भुवईतला देवीचा लहानसा वण जागच्या जागी. नथ आहे, कुड्या आहेत, बांगड्या डाव्या हातात चार, उजव्या हातात चार, दोन्हीकडे. कंबर तंतोतंत. खुर्ची, पडदा, फुलदाणी, सावली. एकेक कलमापुढे मी खूण करत गेले. चिठ्ठी लिहिली, मालकांनी शिक्का मारला, पुडक्याला लाख लावली आणि गडी ते परळला देऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडक्लार्क जिना चढून आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पगडी नव्हती. कचेरीतून तसेच निघाले होते. त्यांनी परळहून परत आलेले पुडके मालकांच्या समोर टाकले.

मालकांनी रंगवलेला फोटो वर काढला, सुलटा धरला आणि खुर्चीत बसले.

मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र होते. बारीक काळे मणी, मध्ये दोन वाट्या, वाट्यांवर सोन्याचा ठिपका. अगदी खरे वाटेल असे.

हे कसे झाले ते यांना विचारायची गरज नव्हती. आठवड्याला तीन-चार शालू हे रंगवत, आणि ते सगळे लग्न झालेल्या बायकांचे. फोटोत मंगळसूत्राचे मणी अंधुक यायचे, म्हणून शालू झाला, काठ झाले, पदर झाला, चोळी झाली, की शेवटी बारीक कुंचला काळ्यात बुडवून मण्यांवर मणी उजळायचे. तो त्यांचा शेवटचा हात. हात गेला आणि मणी घालून आला. डोके बरोबर गेले नव्हते.

आणि मी? मी नथ मोजली, कुड्या मोजल्या, बांगड्या मोजल्या. साध्यातले सगळे रंगवलेल्यात आहे का, एवढेच मी बघत होते. रंगवलेल्यात आहे ते साध्यात होते का, हे कलम यादीत नव्हते. आम्ही लपवणाऱ्यांना पकडायला बसलो होतो. कोणी काही जास्तीचे देऊन जाईल असे आमच्या मनातच आले नाही. दुसरे म्हणजे, शालू नेसलेल्या बाईच्या गळ्यात मणी दिसले तर माझ्या डोळ्याला खुपणार कशाने? नसते तर खुपले असते.

"ते काय म्हणतात?" मालकांनी विचारले.

हेडक्लार्कांनी सांगितले. आत्याबाई म्हणत होत्या, मुलीचे लग्न झालेले आहे. फोटो काढला तेव्हा मंगळसूत्र गळ्यात होते, ते साध्या फोटोतून खरवडून काढले आणि रंगवलेल्यातून काढायचे विसरले. पुरावा काय? आमची चिठ्ठी. त्यांनी ती कोणाकडून तरी तीनदा वाचून घेतली होती. 'कपड्यांखेरीज त्यांत काहीही बदललेले नाही.' मंगळसूत्र हा काही कपडा नव्हे. म्हणजे ते होतेच. आणि कुमारिकेच्या गळ्यात मंगळसूत्र कोणता चितारी आपल्या मनाने काढील?

तर्कात एक भोक नव्हते. मी चार यत्ता शिकले, आत्याबाई एकही नाही, पण असे बिनतोड बोलणे मी वकिलाच्या तोंडूनही पुढे ऐकले नाही.

"संध्याकाळपर्यंत अख्ख्या परळात होईल," हेडक्लार्क म्हणाले, "आणि उद्या गिरगावात. स्थळ जाऊ दे. माझ्या मुलीला लोक कोणाची टाकलेली म्हणतील. मग तिचं मी काय करू, सांगा." ते यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते, कारण खुणा माझ्या होत्या.

मालकांनी परळला गाडी पाठवली आणि हात जोडून निरोप दिला, की काच दाखवतो, एकदा येऊन बघा. तासाभराने आत्याबाई आल्या, सोबत मुलाचे काका. आत्याबाई विधवेच्या तांबड्या अलवणात, काठी टेकत तीन जिने चढून आल्या आणि दम न खाता बोलायला लागल्या. हेडक्लार्क तोवर मुलीला घेऊन आले होते. ती पडद्यापाशी उभी होती.

"कुठे आहे तुमची काच?"

मालकांनी मूळ काच काढली आणि काकांच्या हातात देऊन सांगितले, "उजेडाला तिरकी धरा. काही खरवडलं असेल तर ओरखडा दिसेल. काही भरलं असेल तर पेन्सिलीचा खरखरीत डाग दिसेल, तिथली चकाकी गेलेली असते. बघा गळ्यापाशी."

काकांनी काच तिरकी धरली, सरळ धरली, बोट फिरवायला गेले तेव्हा मालकांनी ओरडून थांबवले. "गुळगुळीत आहे," काका म्हणाले. "आक्का, काही केलेलं दिसत नाही."

"आण इकडे." आत्याबाईंनी काच डोळ्यासमोर धरली आणि लगेच परत केली. "हिचं तोंड काळं, केस पांढरे आणि डोळ्यांत बुबुळांच्या जागी दिवे. हे भूत कोणाचं? ह्या भुतावरून मी सून करू?"

"आत्याबाई, काचेत सगळं उलटं असतं," मी म्हणाले.

"तुझ्या चिठ्ठीतसुद्धा का?"

मग आमचे हे पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "रंग वर असतो. गोंदातला रंग. ओल्या कापसानं पुसला की निघतो. फोटोतच मणी असते तर कितीही पुसा, जाणार नाहीत. कागदात मुरलेले असतात."

"झालं तर मग," मालक म्हणाले. "पुसून दाखवू. मणी निघाले आणि खाली गळा दिसला, म्हणजे मुलगी निर्दोष. कबूल?"

काका म्हणाले, कबूल. आत्याबाईही मान हलवत होत्या. मालकांनी वाटीत पाणी आणि कापूस आणला आणि यांच्यापुढे सरकवला. हे मागे सरले.

"मी नाही."

"अरे, तूच रंगवलंस ना?"

"रंगवलं. पण मी आजवर कोणा बाईचं मंगळसूत्र पुसलेलं नाही, मालक. माझ्या घरात बायको आहे."

"घालताना विचारलं नाहीत," मी म्हणाले, "आता पुसताना बायको आठवली."

यांनी वाटी मालकांकडे परत सरकवली. मालकांची सून गरोदर होती, म्हणून त्यांनी वाटी काकांकडे सरकवली. काकांनी ती हेडक्लार्कांकडे बघून खाली ठेवली. बापाने लेकीचे मंगळसूत्र पुसायचे, हे तर कोणी बोलूनही दाखवणार नव्हते. पाच शहाणी माणसे एका वाटीभोवती उभी होती. सगळ्यांना ठाऊक होते, की तो कागद आहे, वर काळा रंग आहे आणि मुलीचे लग्न झालेले नाही हेच तर सिद्ध करायचे आहे. पण काळ्या मण्यांना ओला कापूस लावायला कोणाचा हात पुढे होईना.

"द्या इकडे," मी म्हणाले आणि कापूस बुडवला. चूक माझी होती, निस्तरायला मीच हवी.

आत्याबाईंनी माझे मनगट धरले. म्हाताऱ्या हातात इतका जोर असेल असे वाटले नव्हते. "सवाष्ण ना गं तू? सवाष्णीनं मंगळसूत्र पुसायचं? अक्कल कुठे ठेवलीस?"

"मग तुम्ही पुसा," मी म्हणाले. "तुम्हाला काय भीती?"

हे मी बोलायला नको होते. त्यांचे तोंड एकदम लहान झाले. त्यांनी माझा हात सोडला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा पुसलंय, बाई. पुरे."

तेवढ्यात मुलगी पडद्यापासून पुढे आली. तिने माझ्या हातातला कापूस काढून घेतला, जास्तीचे पाणी वाटीत पिळले आणि फोटो मेजावर सपाट ठेवला.

"माझं लग्नच झालेलं नाही," ती म्हणाली. "कोणाचं पुसणार मी?"

बाप म्हणाला, "नको गं." पण तिने पुसायला घेतले होते. घाई केली नाही. तीन मणी, मग कापसाची बाजू बदलायची, मग पुढचे तीन. वाट्यांपाशी गोंद जास्त होता, तिथे तिने कापूस दाबून धरला आणि थांबली. काळे पाणी शालूच्या काठावर उतरले तसे हे "काठ, काठ" म्हणून कळवळले. मी त्यांच्याकडे बघितले तेव्हा गप्प झाले. खाली गळा दिसायला लागला. साधा, मोकळा, गळ्याच्या खळगीत थोडी सावली, अगदी दुसऱ्या फोटोत होती तेवढीच.

काकांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. माझी खिडकी मी त्यांना दिली, ती गळ्यावर ठेवून त्यांनी बराच वेळ बघितले. "काही नव्हतं," ते म्हणाले. "आक्का, काही नव्हतं. मुलीवर उगाच आळ आला."

"दिसतंय मला," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. मला वाटले, संपले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण हिनं आपल्या हातानं पुसलं रे. लग्नाच्या आधीच. माझ्या भाच्याच्या नावाचं होणार होतं ते. आता ही मुलगी मी घरात आणू तरी कशी?"

"मग कोणी पुसायला हवं होतं?" मुलीने विचारले. आवाज चढला नव्हता. "माझ्या जन्मातलं पहिलंच मंगळसूत्र. घातलं यांनी, तपासलं या बाईंनी, आणि पुसायच्या वेळी मी एकटीच सापडले."

आत्याबाई काठी उचलून जिन्याकडे गेल्या. काका दोन पायऱ्या उतरून परत वर आले, हेडक्लार्कांना नमस्कार केला आणि गेले. भला माणूस असावा. घरात भल्या माणसाचे चालत असते असे नाही.

हेडक्लार्क मात्र उठेनात. म्हणाले, "स्थळ गेलं ते गेलं. पण परळात जी गोष्ट सुटली आहे ती मी कशी परत आणू? मला लिहून द्या. मुलगी अविवाहित आहे, मंगळसूत्र दुकानातल्या माणसानं चुकून रंगवलं, तपासणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही."

मालक खाकरले. त्यांचे म्हणणे असे, की लिहून द्यायला हरकत नाही, पण दुकानाचे नाव कशाला? उद्या लोक म्हणतील, या दुकानात कुमारिकांची लग्ने लागतात. 'चुकून' असे लिहावे, पण चूक कोणाची ते मोघम असावे. आमचे हे खिडकीतून बाहेर घोड्यांची ट्राम बघत होते. इतक्या लक्षपूर्वक त्यांनी ट्राम कधी बघितली नव्हती.

मी दौत ओढली. दोन्ही फोटोंचे वर्णन लिहिले. काय जास्तीचे रंगवले गेले, ते लिहिले. ते पुसल्यावर खाली मोकळा गळा दिसला, तो कोणकोणत्या माणसांसमोर दिसला, ते लिहिले. मग लिहिले, 'तपासणी मी केली. आहे ते राहिले का एवढेच मी पाहिले, नवे काही आले का ते पाहिले नाही. दोष माझा आहे, मुलीचा नाही.' आणि खाली माझे पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. त्यामुळे त्यांचेही आपोआप आले. ते मागे वळून म्हणाले, "माझं नाव कशाला?"

"माझ्या नावात तुमचं आहे, त्याला मी काय करू?" मी म्हणाले.

मुलीने कागद वाचला. तिने एक काना चुकलेला दाखवला, तो मी सुधारला.

त्या वर्षी तिचे लग्न झाले नाही. बरेच झाले, असे मी म्हणणार नाही. तिने त्याबद्दल किती सोसले हे मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या वाडीवरून जाताना मी कधी कधी आत जात असे आणि ती नेहमीच बोलण्याच्या मनःस्थितीत नसे. माझा कागद तिच्या पत्रिकेबरोबर घरोघर फिरत होता. माझे नाव अशा अशा घरांत वाचले गेले, की जिथे मला उंबऱ्याच्या आत घेतले नसते. चाळीत शेवटी कळलेच, की मी डबा द्यायला जात नसून चुका करायला जाते. एकदा कुठल्याशा घरातल्या सासूबाई आणि त्यांची जाऊ नुसत्या मला बघायला दुकानात आल्या. फोटो काढला नाही. "हीच ती सही करणारी," एवढे एकमेकींना सांगितले आणि जिना उतरल्या.

यादीत मी एक कलम वाढवले. आता दोनदा फिरायचे: आधी साध्यावरून रंगवलेल्याकडे, आणि मग रंगवलेल्यावरून साध्याकडे. वेळ दुप्पट लागायला लागला. मालक कुरकुरले. यांच्या कामात दुसऱ्या फेरीत पहिल्या महिन्यातच दोन अंगठ्या, एक बिल्वर आणि एका म्हाताऱ्याच्या कपाळावर न मागितलेले गंध सापडले.

दीड वर्षाने ठाकुरद्वारच्या एका घरातून पत्रिकेला होकार आला. मुलाची आई स्वतः मुलगी बघायला गेली. हेडक्लार्कांनी माझा कागद आणि दोन्ही फोटो आधीच पुढे ठेवले, काही लपवायचे नाही म्हणून. त्या बाईंनी कागद सावकाश वाचला. मग रंगवलेला फोटो हातात घेतला, गळ्यापाशी जिथे पाणी उतरून काठ फिसकटला होता तिथे अंगठा ठेवला आणि विचारले, "हा शालू खरा आहे का?"

मुलगी म्हणाली, "नाही. बाकी सगळं खरं आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, "मग तो मी आणीन."

हे मला त्या मुलीनेच सांगितले, लग्नाचे बोलावणे द्यायला आली तेव्हा. मी लग्नाला गेले. फोटो काढायला तिने कोणालाही बोलावले नव्हते.